वेतन विभागांना खुले पत्र: स्लॅब बदलला म्हणून पगार कमी होत नाही, आणि जिथे होतो ती जागा वेगळी आहे

प्रति,
कंपन्या, शाळा-महाविद्यालये, बँका आणि सहकारी संस्था यांच्या वेतन व लेखा विभागांतील सर्व अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

पगारवाढीचे पत्र हातात पडले की कर्मचारी प्राप्तिकर खात्याकडे जात नाही, सल्लागाराकडेही जात नाही. तो तुमच्या टेबलाशी येतो आणि विचारतो, “यातले माझ्या हातात किती येणार?” तुम्ही जे सांगाल ते त्याच्यासाठी शेवटचे असते. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहीत आहोत. “वाढ घेतलीत तर वरच्या स्लॅबमध्ये जाल, सगळ्या पगारावर वीस टक्के लागतील, उलट कमीच मिळेल” हे वाक्य आजही अनेक कार्यालयांत ऐकू येते. त्यावर विसंबून माणसे बढती पुढे ढकलतात, जादा तासांचे पैसे नको म्हणतात, मार्चमधला बोनस एप्रिलमध्ये द्या म्हणून अर्ज करतात.

हे वाक्य स्लॅबच्या प्रत्येक रेषेवर चुकीचे आहे. मात्र नव्या कररचनेत एक पट्टा असा आहे जिथे पगार वाढला तर हातात खरोखर कमी येते, आणि नेमका तो पट्टा बहुतेक पगारपत्रकांवर दिसत नाही. चुकीच्या जागी भीती घातली जाते आणि बरोबर जागी कोणी सावध करत नाही, ही आमची तक्रार आहे. पुढचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, नव्या कररचनेचे, १९६१ च्या कायद्याखालचे आणि निवासी व्यक्तीसाठीचे आहेत.

आधी स्लॅबचा साधा हिशेब पाहू. करपात्र उत्पन्नाच्या पहिल्या चार लाखांवर कर शून्य. चार ते आठ लाखांमधल्या रकमेवर ५ टक्के, आठ ते बारामधल्या रकमेवर १०, बारा ते सोळामधल्यावर १५, सोळा ते वीसमधल्यावर २०, वीस ते चोवीसमधल्यावर २५ आणि चोवीस लाखांच्या वर जे काही उरेल त्यावर ३० टक्के. यात ‘मधल्या रकमेवर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दर माणसाला लागत नाही, त्याच्या एकूण उत्पन्नालाही लागत नाही. उत्पन्नाचा जो तुकडा त्या टप्प्यात पडतो, तेवढ्याच तुकड्याला तो लागतो. कोणी सोळा लाखांची रेषा ओलांडली तरी त्याच्या पहिल्या सोळा लाखांवरचा कर पूर्वी होता तेवढाच राहतो, त्यात एका रुपयाचाही फरक पडत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. एका कर्मचाऱ्याचे करपात्र उत्पन्न, म्हणजे ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आधीच काढून उरलेले, १५,८०,००० आहे. त्याला वर्षाला ६०,००० ची वाढ मिळते आणि उत्पन्न १६,४०,००० होते. म्हणजे तो १५ टक्क्यांच्या टप्प्यातून २० टक्क्यांच्या टप्प्यात गेला.

वाढीआधी: चार ते आठ लाखांचे २०,०००, आठ ते बाराचे ४०,०००, आणि बाराच्या वरच्या ३,८०,००० वर १५ टक्क्यांनी ५७,०००. बेरीज १,१७,०००. त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर ४,६८०. एकूण १,२१,६८०.

वाढीनंतर: २०,००० आणि ४०,००० तसेच. बारा ते सोळाचा टप्पा आता पूर्ण भरला, त्याचे ६०,०००. सोळाच्या वर फक्त ४०,००० आहेत, त्यावर २० टक्क्यांनी ८,०००. बेरीज १,२८,०००, उपकर ५,१२०, एकूण १,३३,१२०.

कर वाढला ११,४४०, वाढ होती ६०,०००. हातात ४८,५६० जास्त आले. साठ हजारांपैकी पहिले वीस हजार जुन्याच १५ टक्क्यांच्या टप्प्यात मावले आणि उरलेल्या चाळीस हजारांवर २० टक्के लागले. ‘स्लॅब बदलला’ याचा या माणसापुरता अर्थ एवढाच की त्या चाळीस हजारांवर १५ ऐवजी २० टक्के गेले, म्हणजे २,००० रुपये जास्त, आणि त्यावरचा ८० रुपये उपकर. “सगळ्यावर वीस टक्के” असे धरले तर कर ३,२८,००० निघतो, खऱ्या मूळ कराच्या अडीचपटीहून अधिक. आता तो ‘वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये’ आहे असे आपण म्हणतो, पण उपकरासकट त्याचा सगळा कर त्याच्या करपात्र उत्पन्नाच्या सव्वाआठ टक्क्यांहूनही कमी भरतो.

हा सव्वाआठच्या आतला आकडा म्हणजे सरासरी दर: एकूण कर भागिले एकूण उत्पन्न. सीमांत दर ही वेगळी गोष्ट आहे. आता आणखी एक रुपया मिळाला तर त्यातला किती करात जाईल, याचे उत्तर म्हणजे सीमांत दर. आधीच मिळालेल्या रुपयांबद्दल तो काहीच सांगत नाही. १६,४०,००० वर असलेल्या माणसाचा सीमांत दर उपकरासह २०.८ टक्के आहे. पुढच्या शंभर रुपयांपैकी त्याच्याकडे ७९ रुपये २० पैसे राहतील. वाढ, बोनस, जादा तास, पगाराव्यतिरिक्तचे व्याज अशा ‘आणखी’ मिळणाऱ्या पैशाचा निर्णय घेताना सीमांत दर पाहायचा. वर्षाचे एकूण ओझे किती हे पाहायचे असेल तर सरासरी दर. पगारावरची करकपातसुद्धा कायदा सरासरी दरानेच करायला सांगतो: वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावरचा एकूण कर काढायचा आणि तो वर्षभरात कापायचा. तुम्ही दर महिन्याला सरासरी दराने कापता आणि कर्मचाऱ्याशी बोलताना मात्र स्लॅबच्या दराची भाषा वापरता. गोंधळ तिथून सुरू होतो.

भारतात १९७३-७४ साली अधिभार धरून सर्वोच्च सीमांत दर ९७.७५ टक्के होता. तेव्हासुद्धा वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात राहत. दर जाचक होता, पण नुसता टप्पा ओलांडल्याने कोणाच्या हातातली रक्कम घटत नव्हती. दर शंभराच्या खाली आहे आणि तो फक्त वरच्या तुकड्याला लागतो आहे, तोवर घट होऊच शकत नाही.

मग कर्मचारी पगारपत्रक दाखवून “वाढ तर सगळी टॅक्समध्ये गेली” असे म्हणतो ते कशामुळे? बहुतेक वेळा उशिरा लागू झालेल्या वाढीमुळे. वरचाच कर्मचारी घ्या. त्याला महिना ५,००० ची वाढ एप्रिलपासून मंजूर आहे, पण आदेश निघाला जानेवारीत. एप्रिल ते डिसेंबर तुम्ही जुन्या अंदाजाप्रमाणे दरमहा १०,१४० कापत होता, म्हणजे नऊ महिन्यांत ९१,२६०. आता वर्षाचा कर १,३३,१२० निघाला. उरलेले ४१,८६० तीन महिन्यांत कापायचे, म्हणजे महिन्याला सुमारे १३,९५३. कपात ३,८१३ रुपयांनी वाढली.

जानेवारीत नऊ महिन्यांची थकबाकी आणि चालू महिन्याची वाढ मिळून ५०,००० जास्त आले, त्यामुळे कपात कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. फेब्रुवारीच्या पत्रकात मात्र वाढ ५,००० ची, जादा कपात ३,८१३ ची, आणि हातात वाढले फक्त १,१८७. माणूस जानेवारी विसरतो आणि फेब्रुवारीचे पत्रक सगळ्यांना दाखवतो. प्रत्यक्षात वर्षभराचा ११,४४० चा जादा कर तीन महिन्यांत गोळा होत होता. पुढच्या एप्रिलपासून तोच कर बारा महिन्यांत विभागला की जादा कपात ९५३ वर येते आणि हातात ४,०४७ वाढलेले दिसतात. अशा कर्मचाऱ्याला महिन्याचे पत्रक दाखवून काही उपयोग नाही. वर्षाचा जुना कर, वर्षाचा नवा कर आणि दोन्हींतला फरक हे तीन आकडे कागदावर लिहून द्या, शंका तिथेच मिटते. (थकबाकी आधीच्या आर्थिक वर्षांची असेल तर मात्र कलम ८९ ची सवलत लागू होते का ते तपासायला हवे. त्यासाठी कर्मचाऱ्याने विवरणपत्र भरण्याआधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो. हा फॉर्म राहून गेला की सवलत नाकारल्याची सूचना येते.)

आता त्या पट्ट्याकडे वळू, जिथे भीती खरी ठरते. “बारा लाखांपर्यंत कर नाही” हे सर्वांना पाठ आहे, पण हा शून्य कर स्लॅबमधून आलेला नाही. बारा लाख करपात्र उत्पन्नावर स्लॅबप्रमाणे ६०,००० कर निघतोच. उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए ची ६०,००० पर्यंतची सूट तो कर पुसून टाकते. स्लॅब हळूहळू चढत जातात, ही सूट मात्र एका रेषेवर एकदम संपते. कायद्याने दुसरे काहीच केले नसते, तर बारा लाखांच्या वर दहा रुपये गेल्याबरोबर साठ हजारांचा कर अंगावर आला असता.

तसे होऊ नये म्हणून सीमांत सवलत आहे, जिला कार्यालयांत मार्जिनल रिलीफ म्हणतात. नियम असा: बारा लाखांच्या वर जेवढे उत्पन्न गेले, त्यापेक्षा जास्त कर लावायचा नाही. करपात्र उत्पन्न १२,१०,००० असेल तर स्लॅबने कर ६१,५०० येतो, पण उत्पन्न वर गेले आहे फक्त १०,००० ने. म्हणून कर १०,०००, आणि ५१,५०० ची सवलत. दरी बुजली, पण कशी बुजली हे नीट पाहा. बारा लाखांच्या वरचा प्रत्येक रुपया आता पूर्णच्या पूर्ण करात जातो, म्हणजे सीमांत दर १०० टक्के. उपकर लागतो तो सवलत दिल्यानंतरच्या करावर, म्हणून १०,००० वर आणखी ४०० जातात. दर झाला १०४ टक्के. शंभर रुपये जास्त कमवा आणि एकशे चार भरा.

हातात उरणारी रक्कम पायरीपायरीने अशी येते:

| करपात्र उत्पन्न | उपकरासह कर | करानंतर उरते |
|---|---|---|
| १२,००,००० | ० | १२,००,००० |
| १२,१०,००० | १०,४०० | ११,९९,६०० |
| १२,४०,००० | ४१,६०० | ११,९८,४०० |
| १२,७०,००० | ७२,८०० | ११,९७,२०० |
| १२,७५,००० | ७४,१०० | १२,००,९०० |
| १३,००,००० | ७८,००० | १२,२२,००० |

सीमांत सवलत सुमारे १२,७०,५८८ वर संपते, कारण तिथे स्लॅबचा कर आणि बारा लाखांवरची जादा रक्कम सारखी होते. त्यापुढे दर पुन्हा नेहमीचा १५.६ टक्के. खड्डा भरून हातातली रक्कम परत बारा लाखांवर यायला उत्पन्न साधारण १२,७३,९३४ व्हावे लागते. पगारदारासाठी यात ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळवा: ढोबळ पगार १२,७५,००० पासून जवळपास १३,४९,००० पर्यंतचा हा पट्टा आहे. या पट्ट्यात वाढलेल्या पगारातून हातात काहीच येत नाही, उलट जास्तीत जास्त २,८२४ रुपये कमी होतात.

आणि दरांच्या तक्त्यात हे कुठेही लिहिलेले नाही. तक्त्यात बारा ते सोळा लाखांसमोर १५ टक्के एवढेच दिसते. म्हणून सीमांत दर तक्त्यातून वाचायचा नसतो, वजाबाकी करून काढायचा असतो. वाढीनंतरचा एकूण कर काढा, त्यातून वाढीआधीचा एकूण कर वजा करा आणि येणाऱ्या रकमेला वाढीने भागा. सूट, सवलत, उपकर, अधिभार जे काही मध्ये येत असेल ते त्या वजाबाकीत आपोआप येते. करपात्र १२,००,००० वरून १३,००,००० वर जाणाऱ्या माणसाला लाखाच्या वाढीवर ७८,००० कर लागतो. त्याचा त्या वाढीवरचा दर ७८ टक्के झाला. त्याला “तुम्ही पंधरा टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहात” असे सांगणे ही त्याची दिशाभूल आहे.

तरीही या पट्ट्यात कोणाला वाढ नाकारायला सांगू नका, हे आग्रहाने सांगतो. नुकसान फार तर २,८२४ चे आहे, तेही त्या पट्ट्यात असेपर्यंत. मूळ वेतन वाढले तर ग्रॅच्युइटीचा आधार वाढतो, आणि पुढची टक्केवारीची वाढ वाढलेल्या आकड्यावर मिळते. शिवाय एकदा पट्टा ओलांडला की पुढच्या प्रत्येक शंभरातले ८४ रुपये ४० पैसे पुन्हा हातात येऊ लागतात.

वाढ न नाकारता या पट्ट्यातून बाहेर पडायचा एक सरळ मार्ग तुमच्याच हातात आहे. नव्या कररचनेत बहुतेक वजावटी गेल्या, पण राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतले मालकाचे योगदान अजून वजा होते. कलम ८०सीसीडी(२) खाली मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंत ही वजावट मिळते. कर्मचारी स्वतःच्या खिशातून जे भरतो त्याला नव्या रचनेत ही सवलत नाही, म्हणून योगदान मालकाकडूनच आणि पगाराच्या रचनेतच यावे लागते.

ढोबळ पगार १३,२०,००० असलेली कर्मचारी घ्या. प्रमाणित वजावटीनंतर करपात्र १२,४५,०००. स्लॅबने कर ६६,७५० येतो, सीमांत सवलतीने तो ४५,००० वर थांबतो, उपकर १,८००, एकूण ४६,८००. वर्षाला तिच्या हातात १२,७३,२०० राहतात. आता त्याच १३,२०,००० पैकी ४५,००० मालकाचे योगदान म्हणून योजनेत जातील अशी रचना केली, तर करपात्र उत्पन्न बरोबर १२,००,००० होते आणि कर शून्य. तिच्या हातात रोख १२,७५,००० येतात, म्हणजे आधीपेक्षा १,८०० जास्त, आणि वर निवृत्ती खात्यात ४५,००० जमा. कंपनीचा खर्च एका रुपयानेही वाढलेला नाही. तिचे मूळ वेतन साडेसहा लाख असेल तर १४ टक्क्यांची मर्यादा ९१,००० येते, त्यामुळे ४५,००० सहज बसतात.

यात दोन अडचणी येतात. पहिली वेळेची: ही रचना वर्षाच्या सुरुवातीला ठरवावी. मार्चमध्ये जाग आली तर दिलेला पगार मागे जाऊन योगदान म्हणून दाखवता येत नाही. दुसरी अचूकतेची: बारा लाखांना काठावर चिकटून बसू नका. बचत खात्याचे व्याज, मुदत ठेवीचे व्याज हेही एकूण उत्पन्नात धरले जाते आणि ते तुम्हाला माहीत नसते. योगदान रुपयाच्या हिशेबाने १२,००,००० वर आणून ठेवले आणि तिला १५,००० व्याज आले, तर ती पुन्हा पट्ट्यात, १५,६०० कर भरायला मोकळी. रचना ठरवताना तिला इतर उत्पन्न विचारा आणि तेवढी जागा सोडा. योजनेतले पैसे निवृत्तीपर्यंत बहुतांशी अडकतात हेही आधी सांगा, कारण काहींना आज रोख हवी असते. शेअर किंवा म्युच्युअल फंडांच्या नफ्यावर वेगळे खास दर लागतात आणि त्या करावर ही ८७ए ची सूट मिळत नाही. असे उत्पन्न असणाऱ्यांना वरचा हिशेब जसाच्या तसा लावू नका.

अशा रेषा आणखीही आहेत, त्यांतल्या दोन इथे सांगतो. जुनी कररचना निवडणाऱ्यांसाठी सूट पाच लाखांवर संपते आणि तिथे सीमांत सवलतच नाही. करपात्र उत्पन्न ५,००,००० असताना कर शून्य, ५,००,०१० झाले की १३,०००. दहा रुपयांसाठी तेरा हजार. जुन्या रचनेतला कर्मचारी पाच लाखांच्या आसपास असेल तर गुंतवणुकीचे पुरावे घेतानाच त्याला हे सांगितले पाहिजे. दुसरी रेषा पन्नास लाखांची, जिथे १० टक्के अधिभार सुरू होतो. तिथे सीमांत सवलत आहे, म्हणून नव्या रचनेत सुमारे ५१,६१,००० पर्यंत पुन्हा तोच १०४ टक्क्यांचा दर चालतो.

आमची विनंती अशी. ज्या कार्यालयांत करगणना अजून एक्सेलमध्ये होते, तिथली फाइल आधी तपासा. उत्पन्नावरून दर शोधायचा आणि सगळ्या रकमेला गुणायचे, अशी फाइल आढळली तर ती ताबडतोब बंद करा. नव्या रचनेत प्रत्येक टप्प्यावर दर ५ टक्क्यांनीच वाढतो, त्यामुळे सूत्र फार सोपे होते: प्रत्येक रेषेच्या वरची रक्कम मोजायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि तिचे ५ टक्के घ्यायचे. ए२ मध्ये करपात्र उत्पन्न असेल तर बी२ मध्ये स्लॅबचा कर:

```
=5%*(MAX(0,A2-400000)+MAX(0,A2-800000)+MAX(0,A2-1200000)+MAX(0,A2-1600000)+MAX(0,A2-2000000)+MAX(0,A2-2400000))
```

सी२ मध्ये सूट आणि सीमांत सवलत धरून कर, आणि डी२ मध्ये उपकरासह:

```
=IF(A2<=1200000,0,MIN(B2,A2-1200000))
=C2*1.04
```

ही सूत्रे पन्नास लाखांपर्यंत चालतात, त्यापुढे अधिभाराचा स्तंभ लागेल. खालच्या ओळीत ए३ मध्ये वाढीनंतरचे उत्पन्न घाला, तिन्ही सूत्रे खाली ओढा आणि या वाढीवरचा खरा दर मिळवा:

```
=(D3-D2)/(A3-A2)
```

तयार सॉफ्टवेअर वापरत असाल तरी तीन आकडे घालून पाहा. १२,१०,००० वर १०,४०० यायला हवेत. ६३,९६० आले तर सॉफ्टवेअरला सीमांत सवलत माहीत नाही आणि तुम्ही जास्त कपात करत आहात. ती रक्कम कर्मचाऱ्याला विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत थांबून मिळवावी लागते. १०,००० आले तर उपकर राहून गेला आहे. १६,००,००० वर १,२४,८०० यावेत, आणि १६,००,०१० वर त्यात दोनच रुपयांची भर पडावी. मोठी उडी दिसली तर सूत्र संपूर्ण रकमेला वरचा दर लावत आहे.

वाढीच्या पत्रासोबत एक अर्धे पान जोडा. त्यावर वाढीआधीचा वर्षाचा कर, वाढीनंतरचा वर्षाचा कर, फरक आणि वाढीपैकी हातात राहणारी रक्कम लिहा. ज्यांचा ढोबळ पगार वाढीनंतर १२,७५,००० ते १३,४९,००० मध्ये येतो त्यांची यादी एप्रिलचा पगार निघण्याआधी काढा, आणि त्यांना बोलावून निवृत्ती योजनेच्या योगदानाचा पर्याय समजावून सांगा. पगाराची नवी रचना मान्य असल्याचे त्यांचे पत्र त्याच बैठकीत घ्या, म्हणजे योगदान पहिल्या महिन्यापासून सुरू होईल.

आपले,
पगारदारांची विवरणपत्रे भरून देणारे काही करसल्लागार